तोंडीच्या आधी एक गोष्ट

साहित्य : कोरे कागद, पेन्सिल, सेकंदकाट्याचं घड्याळ, वर्गात आजवर झालेल्या शब्दांची वही आणि परीक्षेला अजून आठवडा शिल्लक.

बाहेरच्या राज्यांतून नर्सिंग शिकायला आलेल्या मुलींना मी संध्याकाळी मराठी शिकवते. बहुतेक जणी केरळच्या. शेवटी लेखी आणि तोंडी अशा दोन परीक्षा असतात. लेखीचं कुणाला फारसं जड जात नाही. तोंडीला मात्र दर खेपेला दोघी-तिघी अशा असतात, की आत येतात, बसतात, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतात आणि तशाच उठून जातात. उत्तर येत नसतं असं नाही. वहीत तेच उत्तर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलेलं मी पाहिलेलं असतं.

या मुलींसाठी परीक्षेच्या आठवड्यात मी एक गोष्ट लिहिते. गोष्ट अशाच एका मुलीची, आणि तोंडीच्या आदल्या दिवशी तिला तोंड कसं फुटतं त्याची. शेवट काय होणार हे पहिल्या ओळीलाच सगळ्यांना कळतं, त्याला इलाज नाही. पण ही गोष्ट नुसती वाचून ठेवायची नसते, वाचणारीला ती स्वतःच्या तोंडाने परत सांगायची असते. त्यामुळे ती लिहिण्याची रीत वेगळी पडते. ती रीत इथे देते.

१. प्रश्न आधी ठरवा

गोष्ट सुचायच्या आधी परीक्षकांचा एक प्रश्न निवडा, एकच. आमच्या तोंडीत साधारण चार प्रकारचे प्रश्न असतात : स्वतःबद्दल सांगा, काल काय केलंत, या चित्रात काय दिसतं, आणि सुट्टीत काय करणार. स्वतःबद्दलची वाक्यं मुली पाठ करून येतात, त्यासाठी गोष्टीची गरज नाही. खरी अडचण ‘काल काय केलंत’ला येते, कारण तिथे भूतकाळ लागतो आणि मराठीचा भूतकाळ भल्याभल्यांना घाम फोडतो. मी तोच घेते. गोष्टीच्या शेवटच्या दोन-तीन ओळींत हा प्रश्न परीक्षकाच्या तोंडी यायला हवा, आणि त्याचं उत्तर वाचणारीला गोष्टीतूनच मिळालेलं असायला हवं. हे पक्कं झालं की गोष्टीच्या मध्यभागी काय हवं तेही ठरतं : आदल्या संध्याकाळी घडलेली एक साधी, सांगता येण्याजोगी घटना.

२. क्रियापदं निवडा

मुख्य काम हेच आहे, इथे घाई करू नका. कागदाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे ती वाक्यं लिहा ज्यांत माणसाला ‘ला’ लागतो : मला समजतं, मला माहीत आहे, मला भीती वाटते, मला बोलता येत नाही, मला हसू आलं. उजवीकडे ती वाक्यं ज्यांत भूतकाळात माणसाला ‘ने’ लागतो : तिने विचारलं, तिने आणली, तिने दिली.

डावी बाजू केरळच्या मुलींना घरच्यासारखी असते. मल्याळममध्येही भूक, भीती, कळणं या गोष्टी ‘मला’ होतात, त्यांच्या ‘एनिक्कु’ने वाक्य सुरू होतं. उजवी बाजू त्यांना पूर्ण परकी. मल्याळममध्ये असा ‘ने’ नाही, निर्जीव वस्तूला लिंग नाही, आणि क्रियापद कुणाच्याच लिंगाप्रमाणे बदलत नाही. आम्ही मात्र सांगतो की मुलीने चहा आणला, पेज आणली आणि दूध आणलं. आणणारी तीच, तरी क्रियापद तिच्याकडे बघत नाही, हातातल्या भांड्याकडे बघतं. पहिल्यांदा हे ऐकल्यावर एका मुलीने मला विचारलं होतं, “मग मुलगी कुठे गेली?” प्रश्न बरोबर होता.

या दोन बाजू नीट पाहिल्या की गोष्टीचा आकार आपोआप दिसायला लागतो. गप्प बसणाऱ्या मुलीची सगळी वाक्यं डावीकडची आहेत : तिला समजतं, तिला वाटतं, तिला भीती वाटते. सगळं तिला होतं, ती काही करत नाही. तिने विचारलं, तिने आणलं, तिने दिलं, की ती उजवीकडे आली. म्हणून सुरुवातीला डावीकडची वाक्यं दाट ठेवा, मध्यावर दोन्ही मिसळा, आणि घटना घडायला लागली की उजवीकडची येऊ द्या. वर्गात हे समजावून सांगायचं नाही. वाचणारीच्या कानाला ते लागावं, एवढंच.

एक खड्डा आहे तो ओळखून ठेवा. बोलणे, शिकणे, विसरणे, जेवणे या क्रियापदांना ‘ने’ चालत नाही, ‘म्हणाली’लाही नाही. ती म्हणाली, ती मराठी शिकली, ती नाव विसरली. गोष्ट बोलण्याबद्दलची, म्हणजे ‘बोलणे’ आणि ‘म्हणणे’ टाळता येणार नाहीत. मी ‘म्हणणे’ ठेवते, तेही पुन्हापुन्हा त्याच रूपात. गोष्टीत ‘म्हणाली, उत्तरली, उद्गारली’ असे बदल करायचा मोह होतो. शाळेत आपल्याला तसंच शिकवलेलं असतं, पुनरुक्ती टाळा म्हणून. इथे पुनरुक्ती हेच औषध आहे.

३. शब्द मोजा

हू आणि नेशन या दोघांनी २००० साली इंग्रजी कथेवर तपासून दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय कथा नीट समजायची तर शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. हा हिशेब मी मराठीला जसाच्या तसा लावत नाही, पण लगाम म्हणून तो उपयोगी पडतो. तीनशे शब्दांच्या गोष्टीला नवे शब्द सहा. मी सहाच घेतले : पाठ करणे, बाजूला, चावणे, पेज, वळून, संपवणे.

मराठीत मोजताना फसगत होते ती सामान्यरूपामुळे. वहीत ‘दूध’ आहे म्हणून ‘दुधात’ ओळखीचा असेल असं धरू नका. बहीण आणि बहिणीला, भाऊ आणि भावाने, पाणी आणि पाण्यात, हे शिकणारीला निम्मे नवेच असतात. प्रत्यय लागल्यावर ज्याचं अंग बदलतं तो शब्द अर्धा नवा धरा, आणि शक्य तिथे न बदलणारा घ्या. नायिकेचं नाव मी लिजी ठेवलं त्याचं कारणही हेच. लिजीला, लिजीने, लिजीचा : नाव शेवटपर्यंत जसंच्या तसं राहतं.

४. गप्पपणा कसा दाखवायचा

‘लिजी लाजाळू होती’ हे वाक्य लिहू नका. एक तर ‘लाजाळू’वर एक नवा शब्द खर्च होतो. दुसरं म्हणजे वाचणाऱ्या मुलीला वर्गात सगळे हेच म्हणत असतात, तिला त्याचा कंटाळा असतो. ती काय करते ते लिहा. ती मनात उत्तर देते. दहा वाक्यं पाठ करते, पण एकदाही मोठ्याने म्हणत नाही.

मग एक वाक्प्रयोग निवडा आणि त्यालाच धरून राहा. मी आधी ‘आवाज फुटला’ लिहिलं होतं. वर्गातल्या एकीने वयात येणाऱ्या मुलाचा घोगरा आवाज काढून दाखवला, कारण ‘फुटणे’ तिने त्या अर्थाने ऐकलं होतं. दुसरीला पेला फुटल्याचं आठवलं. ‘तोंडातून शब्द फुटेना’ मला फार आवडतं, पण ‘फुटेना’सारखं रूप या पातळीला पेलत नाही. शेवटी ‘आवाज निघत नाही’वर आले. ‘गाडी निघाली’ त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत असतं, त्यामुळे आवाजही निघू शकतो हे न सांगता कळतं.

५. बोलायला कारण द्या

इथे सगळ्यांत जास्त गोष्टी बिघडतात. सहसा कुणी मैत्रीण किंवा बाई येऊन मुलीला धीर देतात, मुलगी आरशासमोर उभी राहते आणि बोलायला लागते. असं होत नसतं. मी वर्गात ज्यांना खरोखर बोलायला लागलेलं पाहिलं त्यांना तेव्हा आपण मराठी बोलतोय याचं भानच नव्हतं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि विचारायला आसपास दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हा गोष्टीत अशी जागा शोधा जिथे मुलगी गप्प राहिली तर दुसऱ्या कुणाचं तरी अडेल, आणि जे अडलंय त्याबद्दल तिला समोरच्याहून थोडं जास्त किंवा तितकंच माहीत असेल. मला ती जागा पेजेत सापडली. कोकणातली तांदळाची पेज आणि केरळची कंजी या सख्ख्या बहिणी. भात भरपूर पाण्यात शिजवायचा, मीठ घालायचं, गरम गरम घ्यायचा. वॉर्डात कोकणातल्या एक आजी, दात नाहीत, समोर पोळीचं ताट. पुढची गोष्ट या तीन वस्तूंनीच लिहिली.

नायिकेची एक चूक मुद्दाम ठेवा, आणि ती कुणी सुधारू नये. लिजी म्हणते, “तुमचा पेज आणला.” आजी उत्तर देताना बरोबर रूप वापरतात, कारण त्यांना दुसरं रूप येतच नाही. वाचणारीने दोन्ही ओळी एकाखाली एक पाहाव्यात. शेवटी लिजी ते बरोबर म्हणते. या सगळ्यावर एक शब्दही लिहायचा नाही.

६. आता लिहा

वाक्य सरासरी पाच शब्दांचं. एका वाक्यात एकच क्रियापद असलं तर उत्तम. ‘वाचले, केले’ असं पुस्तकी न लिहिता ‘वाचलं, केलं’ लिहा, कारण हे तोंडाने म्हणायचं आहे. माझी गोष्ट अशी झाली :

लिजीचा आवाज

लिजी केरळची आहे. ती पुण्यात नर्सिंग शिकते. तिला मराठी समजतं. पण मराठी बोलायची तिला भीती वाटते. वर्गात बाई प्रश्न विचारतात. लिजीला उत्तर माहीत असतं. ती मनात उत्तर देते. पण आवाज निघत नाही.

उद्या मराठीची तोंडी परीक्षा आहे. लिजीने दहा वाक्यं पाठ केली आहेत. “माझं नाव लिजी. मी केरळची आहे.” ती मनात दहा वेळा म्हणते. मोठ्याने एकदाही म्हणत नाही.

आज तिची संध्याकाळची ड्यूटी आहे. सात नंबरच्या बेडवर एक आजी आहेत. त्या कोकणातल्या आहेत. मावशी जेवणाचं ताट घेऊन आल्या. ताटात पोळी होती, भाजी होती. आजींनी ताट बाजूला ठेवलं.

“आजींना भूक नाही,” मावशी म्हणाल्या. त्या ताट घेऊन गेल्या.

आजींचे डोळे ताटाकडे होते. लिजीला वाटलं, आजींना भूक आहे. तिला विचारायचं होतं. पण आवाज निघाला नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं.

“आजी,” लिजी म्हणाली, “भूक आहे?”

“आहे गं,” आजी म्हणाल्या. “पण मला पोळी चावता येत नाही. माझे दात घरी राहिले.”

लिजीला हसू आलं. आजींनाही हसू आलं.

“मग काय पाहिजे?”

“पेज. तांदळाची गरम पेज. आमच्याकडे रोज असते. तुला माहीत नसेल.”

लिजीला माहीत होतं.

“आमच्याकडे पण असते!” ती म्हणाली. “आम्ही कंजी म्हणतो. तांदूळ, खूप पाणी, थोडं मीठ. माझी आई रोज करते.”

शेजारच्या बेडवरच्या बाईंनी वळून पाहिलं. लिजीचा आवाज मोठा होता. लिजीला ते कळलं नाही.

तिने सिस्टरना विचारलं, “सात नंबरच्या आजींना पेज देऊ का?” सिस्टर “हो” म्हणाल्या. लिजीने पेज आणली.

“आजी, तुमचा पेज आणला.”

“माझी पेज आणलीस?” आजी म्हणाल्या. “आण, आण इकडे.”

आजींनी सगळी पेज संपवली.

दुसऱ्या दिवशी लिजी परीक्षेला गेली. खोलीत दोन बाई होत्या. लिजीला भीती वाटली. दहा वाक्यं तयार होती.

“बसा,” एक बाई म्हणाल्या. “काल संध्याकाळी काय केलंत?”

दहा वाक्यांत हे उत्तर नव्हतं. लिजी थांबली.

“काल मी आजींना पेज दिली,” ती म्हणाली. “बाई, तुम्हाला पेज माहीत आहे?”

निकाल लिहिलेला नाही. पहिल्या खर्ड्यात लिजीला वीसपैकी अठरा गुण पडले होते, ते मी खोडले. गुण आले की वाचणारी मुलगी गोष्ट सोडून तिकडेच बघते.

सिस्टरना विचारल्याचं वाक्य आधी नव्हतं. वॉर्डात काम करणाऱ्या मुलींनीच ते घालायला लावलं. पेशंटला खायला काय द्यायचं हे शिकाऊ नर्सने परस्पर ठरवायचं नसतं, आणि माझ्या पहिल्या लिजीने ते ठरवलं होतं. भाषेसाठी लिहिलेल्या गोष्टीतही काम खरं असावं लागतं, नाहीतर त्या कामातली माणसं तिथेच अडतात.

एक गोष्ट हातची गेली त्याची हळहळ आहे. खऱ्या आजी म्हणाल्या असत्या, “पोळी चाववत नाही गं.” किती नेमकं रूप आहे ते. पण ‘बोलता येत नाही’ मुलींना येतं, म्हणून त्याच साच्यातलं ‘चावता येत नाही’ घेतलं.

७. पारखून घ्या

गोष्ट आधी स्वतः मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. शिकणारीच्या वेगाने, सावकाश, ती चारेक मिनिटांत संपायला हवी. सहा मिनिटं लागली तर गोष्ट लांबली आहे, आणि कापायची जागा बहुतेक वेळा सुरुवातीला सापडते.

वाचताना च आणि ज यांच्याखाली पेन्सिलीने टिंब देत चला. आपल्या लिपीत ‘विचार’मधला च आणि ‘चावणे’मधला च एकच दिसतो, ‘जेवण’ आणि ‘बाजूला’ यांतला ज एकच दिसतो, आणि म्हणताना मात्र दोन वेगळे होतात. ‘बाजूला’, ‘चावता’, ‘शेजारच्या’ या तिन्हींत जीभ दातांना लागते. टिंबाचा अर्थ तेवढाच. गोष्टीत अशा जागा दहाच्या आत असतील तर मुलीला त्या लक्षात ठेवता येतात. ळ ची काळजी केरळच्या मुलींच्या बाबतीत करायची नाही. त्यांचा ळ आपल्याहून खणखणीत असतो, ‘डोळे’ आणि ‘सगळी’ त्या सहज म्हणतात.

मग गोष्ट एकाच मुलीला द्या, सगळ्या वर्गाला नको. ती वाचत असताना शेजारी बसा आणि तिचं बोट कुठे थांबतं ते बघा. अर्थ विचारू नका, बोटच सांगतं. एका ओळीवर दोनदा मागे गेली तर ती ओळ चुकली आहे, मुलगी नाही.

माझी सर्वांत मोठी चूक मला अशीच सापडली. मुलगी वाचत वाचत ‘पेज’पाशी आली आणि गोंधळली. नंतर कळलं, तिने ते वहीचं पेज समजलं होतं. आजींना भूक आहे आणि त्यांना कागद पाहिजे, असा अर्थ लावून ती बिचारी पुढे गेली होती, आणि ‘आजींनी सगळी पेज संपवली’ला तर तिने हातच टेकले. पहिल्या खर्ड्यात आजी नुसतं “पेज” म्हणत होत्या. तिथे ‘तांदळाची गरम पेज’ घातलं आणि प्रश्न मिटला. दुरुस्ती नव्या शब्दाच्या पहिल्याच वेळेला करायची असते. खाली तळटीप देऊन भागत नाही, कारण वाचणारीची नजर तळाशी पोचेपर्यंत चुकीचं चित्र तयार झालेलं असतं.

८. तोंडात कशी आणायची

पहिल्या दिवशी फक्त वाचन. तुम्ही वाचा, मुलींनी ऐकावं, मग दोघी-दोघींनी एकमेकींना वाचून दाखवावं. गप्प मुलीला आजींचं काम द्या, लिजीचं नको. आजी म्हातारी, दात नसलेली, कशीही बोलली तरी चालते. दुसऱ्याच्या आवाजात बोलायला तिला कमी संकोच वाटतो, आणि आजींची वाक्यं मुळात सगळ्यांत शुद्ध आहेत.

दुसऱ्या दिवशी ‘ती’ची ‘मी’ करायची. हा भाग गोष्टीतला सगळ्यांत सोपा निघतो, आणि मुलींना त्याचं आश्चर्य वाटतं. ‘ती नर्सिंग शिकते’चं ‘मी नर्सिंग शिकते’, क्रियापद तेच. ‘लिजीने पेज आणली’चं ‘मी पेज आणली’, नुसता ‘ने’ गळला. ‘तिला भीती वाटली’चं ‘मला भीती वाटली’. संपूर्ण गोष्टीत लिजीची फक्त तीन क्रियापदं बदलतात : गेली, थांबली, म्हणाली. त्यांचं गेले, थांबले, म्हणाले.

पण या तीन शब्दांत दोन काटे आहेत. ‘मी गेले’ पाहून मुलींना वाटतं हे अनेकवचन आहे, आणि त्या ‘मी गेली’ म्हणतात. रस्त्यावर पुष्कळ ठिकाणी तसं ऐकूही येतं, त्यामुळे मी त्यावर रागवत नाही, परीक्षेत मात्र ‘गेले’ म्हणा असं सांगते. दुसरा काटा आम्हीच पेरलेला असतो. ‘केले’चं ‘केलं’ म्हणा, ‘वाचले’चं ‘वाचलं’ म्हणा असं शिकवल्यावर हुशार मुलगी ‘मी गेलं’ म्हणते. हा टिंबवाला उच्चार नपुंसकलिंगाचा आहे, मुलीचा नाही, हे तेव्हाच सांगून टाकावं. तीन वाक्यं फळ्यावर लिहा, दहा वेळा म्हणून घ्या, पुढे जा.

हिंदी बोलणाऱ्या मुली वर्गात असतील तर त्यांची गडबड उलट दिशेची असते. त्यांना ‘ने’ जन्मापासून ठाऊक असतो, म्हणून त्या ‘मीने’ आणि ‘तिने बोललं’ म्हणतात. त्यांना याच गोष्टीतली ‘म्हणाली’ची वाक्यं मोजायला लावा, आणि त्यांतल्या एकाच्या तरी आधी ‘ने’ दिसतो का ते शोधायला सांगा.

तिसऱ्या दिवशी कागद काढून घ्या. मुलीने गोष्ट पहिल्यापासून सांगायची नाही, नाहीतर तीही पाठ केलेली अकरावी, बारावी, तेरावी वाक्यं होतात. मध्येच विचारा : आजींनी ताट का बाजूला ठेवलं? कंजीत काय असतं? तुमच्या घरी आजारी माणसाला काय देतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोष्टीत नाही, आणि तो मी सहज विचारल्यासारखा विचारते. उत्तराला वेळ लागला तर मनात दहापर्यंत मोजते. आपण तिसऱ्या आकड्यालाच मदत करायला धावतो, आणि तिचं तयार होत असलेलं वाक्य मोडतो. चूक झाली तर आजींसारखं करायचं : बरोबर रूप आपल्या पुढच्या वाक्यात घालून संभाषण चालू ठेवायचं. मुलीने ते उचललं की नाही हे तिच्या पुढच्या वाक्यात कळतं. तीनदा देऊनही उचललं नाही, तर मात्र थांबून सरळ सांगावं. आजींची पद्धत सगळ्याच चुकांना पुरत नाही.

ही गोष्ट ‘काल काय केलंत’ एवढ्याच प्रश्नाला पुरते. चित्राच्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही, ‘सुट्टीत काय करणार’ला तर नाहीच. त्यासाठी वेगळी क्रियापदं, वेगळी घटना, वेगळी गोष्ट. दोन प्रश्न एका गोष्टीत बसवायचा प्रयत्न मी एकदा केला होता. लिजी आजींना पेज देता देता पुढच्या महिन्यात घरी जाण्याचा बेत सांगायला लागली, आणि आजींची पेज निवली.

गेल्या खेपेला तिसऱ्या दिवशी एका मुलीला मी तो शेवटचा प्रश्न विचारला. आजारी माणसाला काय देतात? तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मी दहापर्यंत मोजलं, मग आणखी पाच. “चुक्कू काप्पी,” ती म्हणाली. सुंठीचा काढा म्हणजे, कॉफी आणि गूळ घातलेला. मग म्हणाली, “बाई, गूळ काळा पाहिजे. इथे काळा गूळ कुठे मिळतो?”

मला माहीत नव्हतं. मी तिलाच दुकानात जाऊन विचारून यायला सांगितलं.